विचारायचं, पण उत्तराची सोय करून

शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींना मरणाच्या विचारांबद्दल सरळ विचारावं का, यावर निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावात दोन मतं निघू शकतात, आणि दोन्हींच्या मुळाशी काळजीच असते. एक मत शाळा चालवणाऱ्याचं: नको ते विषय लेकरांपुढे काढू नयेत. दुसरं डॉक्टरचं: न विचारल्यामुळे कळतच नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. ही मतं समोरासमोर यावीत म्हणून मी इथे एक मुख्याध्यापक आणि सरकारी दवाखान्यातल्या एक डॉक्टर यांना बोलतं केलं आहे. ही कुणी खरी माणसं नव्हेत, पण त्यांनी दिलेले पुरावे खरे आहेत. माझं मत लपवत नाही: विचारायलाच हवं. मात्र ज्याने 'हो' या उत्तरानंतरच्या पहिल्या तीन दिवसांची सोय आधी केलेली नाही, त्याने विचारू नये. मुख्याध्यापकांचा विरोध मला इथवर घेऊन आला, म्हणून तो मी पूर्ण मांडणार आहे.

निलंग्याची परिस्थिती या प्रश्नाला जवळून लागू पडते. लातूर तासा-दीड तासावर. दहावीनंतर निलंगा, औराद शहाजानी, कासार सिरसीकडची पोरं अकरावी-बारावी आणि 'नीट'च्या तयारीसाठी लातूरच्या क्लासला आणि होस्टेलला जातात. काही तिथे टिकतात, काही वर्ष अर्धवट सोडून परत येतात, काही जातच नाहीत आणि गेलेल्यांशी स्वतःची तुलना करत राहतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. अभ्यास हे एकच कारण यातून निघत नाही. घरातली भांडणं, आजार, प्रेमप्रकरणं, मारहाण, पैसा, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, आणि बातमीतलं एका ओळीचं कारण बहुधा शेवटची ठिणगी असते.

"सर, मूळ प्रश्न फक्त चार आहेत," डॉक्टर म्हणतात. "गेल्या काही आठवड्यांत तुला कधी वाटलं का, की आपण मेलो असतो तर बरं झालं असतं? गेल्या काही आठवड्यांत असं वाटलं का, की आपण मेलो तर आपलं किंवा घरच्यांचं भलं होईल? गेल्या आठवड्यात स्वतःचा जीव घेण्याचे विचार मनात आले का? आणि आजवर कधी तसा प्रयत्न केला आहेस का? यातल्या एकालाही 'हो' आलं, किंवा मूल उत्तर द्यायलाच तयार नसलं, तर पाचवा प्रश्न: आत्ता, या क्षणी, तसे विचार मनात आहेत का? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या लिसा हॉरोविट्झ यांच्या गटाने हे २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. मुलांच्या दवाखान्यांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या १० ते २१ वर्षांच्या ५२४ जणांना हे चार प्रश्न आणि एक मोठी, पारखलेली प्रश्नावली अशी दोन्ही दिली. मोठ्या प्रश्नावलीने ज्यांना धोका आहे असं दाखवलं, त्यांतले शंभरात ९७ या चार प्रश्नांतही सापडले. विचारायला अर्धा मिनिटही लागत नाही."

मुख्याध्यापकांचा पहिला आक्षेप अपेक्षित तोच आहे. "मॅडम, ज्या लेकराच्या मनात काही नाही, त्याच्या मनात तुम्ही घालाल त्याचं काय? पंधरा वर्षांचं पोरगं. त्याला कुणी 'जीव घ्यावासा वाटतो का' म्हणून विचारलं, तर ते घरी जाऊन त्यावरच विचार करत बसेल."

ही भीती तपासून झालेली आहे. मॅडेलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कूलांतल्या २,३४२ विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाला आत्महत्येच्या विचारांचे प्रश्न असलेली प्रश्नावली दिली, दुसऱ्याला ते प्रश्न वगळून. लगेच आणि दोन दिवसांनी पुन्हा, मुलांची अस्वस्थता आणि मनातले विचार मोजले. प्रश्न विचारलेल्या गटात अस्वस्थता वाढलेली नव्हती, विचारही वाढलेले नव्हते. आणि जी मुलं आधीपासून खचलेली होती किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांना प्रश्न विचारल्यावर न विचारलेल्यांपेक्षा किंचित हलकंच वाटलं. हा अभ्यास २००५ चा. अशा पाहण्यांचा एकत्र आढावा २०१४ मध्ये निघाला, त्याचाही कौल असाच. तेव्हा विचारल्याने विचार रुजतो, ही समजूत सोडून द्यायला हरकत नाही. ज्याच्या मनात काही नाही ते मूल 'नाही' म्हणतं आणि पुढच्या तासाला जातं. ज्याच्या मनात आहे, त्याला एवढंच कळतं, की हा विषय या माणसापुढे काढता येतो.

पण इथे डॉक्टरांच्या बाजूने एक मर्यादा मान्य करायला हवी. विचारणं निरुपद्रवी आहे, एवढंच यातून सिद्ध होतं. विचारल्याने जीव वाचतात, हे वेगळं विधान आहे, आणि मुख्याध्यापकांचा दुसरा आक्षेप नेमका तिथे बसतो. "युरोपात दहा देशांत पाहणी झाली ना?" ते म्हणतात. "१६८ शाळा, अकरा हजारांवर मुलं, २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. एका गटात शिक्षकांना धोका ओळखायला शिकवलं, एका गटात प्रश्नावली भरून घेऊन तज्ज्ञांकडे पाठवलं, एका गटात मुलांशीच वर्गात ताणतणाव, मैत्री, मदत कशी मागायची यावर चर्चा आणि नाट्यप्रसंग घेतले. वर्षभराने नव्या प्रयत्नांचं प्रमाण फक्त त्या तिसऱ्या गटात निम्म्यावर आलं. प्रश्नावलीच्या गटात ठळक फरक दिसला नाही. मग तुम्ही आमच्या शाळेत नेमकं तेच का आणताय, जे चाललं नाही?"

हा आक्षेप टाळून चालणार नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवांच्या कृतिदलानेही २०२२ मध्ये असंच सांगितलं: १२ ते १८ वर्षांच्या मुलांमध्ये नैराश्याची चाळणी करावी, पण आत्महत्येच्या धोक्याची सरसकट चाळणी करावी की नाही, हे ठरवण्याइतका पुरावा नाही. त्याच वर्षी त्याच देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मात्र १२ वर्षांपुढच्या सगळ्यांना विचारावं, अशी शिफारस केली. जाणकारांतच एकमत नाही. माझ्या मते यातून निघणारा धडा असा, की वर्गात कागद वाटणं आणि एका मुलाला समोर बसवून विचारणं या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि पहिलीच्या अपयशावरून दुसरी फेटाळता येत नाही.

कागद वाटला तर काय होईल, याचा हिशेब करून पाहू. समजा, शाळेत ५०० मुलं आहेत आणि त्यांतल्या २० जणांना खरोखर धोका आहे. मूळ अभ्यासातली अचूकता जशीच्या तशी धरली, तर विसांपैकी १९ सापडतील. उरलेल्या ४८० पैकी साधारण ६० जणांचंही एखादं उत्तर 'हो' येईल, ज्यांना त्या अर्थाने धोका नाही. म्हणजे एका दुपारी सुमारे ८० मुलं हात वर करून बसतील, आणि त्यांतली १९ कोणती हे प्रत्येकाशी अर्धा तास बोलल्याशिवाय कळणार नाही. चाळीस तासांचं काम. ते करायला कोण आहे? ज्या शाळेत समुपदेशक नाही, तिथे तो गठ्ठा कपाटात जाईल. मुलाने 'हो' लिहिलं आणि कुणी बोलायलाच आलं नाही, याहून वाईट संदेश दुसरा नसेल. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांत शंभर किंवा जास्त विद्यार्थ्यांच्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावं, असं म्हटलं आहे. ही व्यवस्था झालेली नाही तोवर सरसकट कागद वाटायला मुख्याध्यापकांनी दिलेला नकार मला योग्य वाटतो.

"म्हणजे तुम्ही सरांची बाजू घेतलीत," असं डॉक्टर म्हणू शकतील. पण त्यांचं म्हणणं मुळात वर्गाबद्दल नव्हतंच. हे प्रश्न दवाखान्यासाठी बांधलेले आहेत आणि पारखलेलेही तिथेच. निलंग्याच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत वारंवार डोकं दुखतं, पोट दुखतं, झोप नाही म्हणून येणारी आणि तपासण्यांत काहीच न सापडणारी चौदा-सतरा वर्षांची मुलं, किंवा आधी एकदा प्रयत्न करून वाचलेली: त्यांना विचारणं हे रक्तदाब घेण्याइतकं नेहमीचं व्हायला हवं. आणि शाळेत? तिथे वर्गासाठी चर्चा, आणि खूण दिसली त्या एका मुलासाठी प्रश्न. मुख्याध्यापक याला तयार होतात, पण एक अट घालतात: "आमच्या शिक्षकांनी विचारलं आणि लेकरू 'हो' म्हणालं, तर पुढचं वाक्य काय बोलायचं ते मला आत्ता सांगा."

ही अट मला या सगळ्या वादातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट वाटते. म्हणून एक उदाहरण घेऊ, कल्पित, पण तपशिलाने. अकरावीतली १६ वर्षांची मुलगी. दहावीला भरपूर गुण, लातूरला क्लास लावलेला, दिवाळीनंतर तब्येतीचं कारण सांगून निलंग्यात परत. गेले तीन आठवडे डबा तसाच परत नेते, शेवटच्या बाकावर जाऊन बसते, आणि परवा जीवशास्त्राच्या वह्या मैत्रिणीला देऊन टाकल्या, 'मला नाही लागणार' म्हणाली. एकेकटी कुठलीच गोष्ट मोठी नाही. एकत्र आल्या, म्हणून विचारायचं. वर्गशिक्षिका तिला मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बोलावत नाहीत, जिथे आणखी चारजण चहा पीत असतात. रिकाम्या खोलीत, दार उघडं ठेवून पण ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी बसतात. आधी मर्यादा सांगतात: "तू बोलशील ते मी गावभर करणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर मला घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगावंच लागेल, आणि काय सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू." ही मर्यादा नंतर सांगितली तर ती फसवणूक ठरते.

मग प्रश्न, लिहिलेत तसेच. इथे शिक्षक हमखास कच खातात. "तू काही वेडंवाकडं तर मनात आणत नाहीस ना?" या वाक्याचं उत्तर विचारणाऱ्यानेच देऊन टाकलेलं असतं, आणि मूल सुटका करून घेत 'नाही मॅडम' म्हणतं. 'जिवाचं बरंवाईट' म्हणूनही चालत नाही, कारण त्यात नेमकं काय विचारलं तेच धूसर राहतं. सरळ शब्द वापरले की मुलाला कळतं, समोरचं माणूस उत्तर ऐकायला घाबरत नाही. आपल्या उदाहरणातली मुलगी पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नाला 'हो' म्हणते, तिसऱ्याला आणि चौथ्याला 'नाही'. पाचव्यालाही 'नाही'. म्हणजे धोका आहे, पण या घटकेला नाही.

आता ते पुढचं वाक्य. "सांगितलंस ते बरं केलंस. किती दिवसांपासून असं वाटतंय?" एवढंच. तोंडावर मात्र दुसरं वाक्य येतं: "अगं, आईबापांनी तुझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्या, त्यांचा तरी विचार कर." हेतू चांगला, परिणाम उलटा. दुसऱ्या प्रश्नाला 'हो' म्हणणारं मूल हेच सांगत असतं, की आपण घरच्यांवर ओझं आहोत. क्लासची फी भरायला काढलेलं कर्ज त्याला आधीच तोंडपाठ असतं. त्याला खस्तांची आठवण करून दिली की त्याचा हिशेब बरोबर असल्याची पावतीच मिळते. तसंच शपथेचं. 'माझ्या गळ्याची शपथ घे, असं काही करणार नाहीस' म्हटलं की बोलणाऱ्याला हायसं वाटतं, पण असे करार जीव वाचवतात असा पुरावा नाही. आणि शपथ घेतलेलं मूल पुढच्या वेळी विचार आला की सांगायला कचरतं, कारण आता ती शपथ मोडल्याची कबुली ठरते.

शिक्षिकेचं काम इथे जवळजवळ संपतं. धोका किती, हे ठरवणं त्यांच्याकडे नाही. त्यांनी त्याच दिवशी मुलीला डॉक्टरांपर्यंत पोचवायचं, एकटीला न सोडता. डॉक्टर वीस-पंचवीस मिनिटं विचारतात: विचार रोज येतात की कधीमधी, किती वेळ राहतात, कसं करायचं याचा बेत आहे का, तो साधेल असं काही घरात हाताशी आहे का, झोप, भूक, दारू-गोळ्या, कुणी छळतंय का, आणि ज्याच्याशी बोलता येईल असं मोठं माणूस कोण. थोडा वेळ मुलीशी एकटीशी, थोडा वेळ आईवडिलांबरोबर. याअंती चारांपैकी एक निर्णय: ताबडतोब तज्ज्ञाकडे, ७२ तासांच्या आत तज्ज्ञाकडे, सवडीने समुपदेशन, किंवा आत्ता आणखी काही नको. आपल्या मुलीला झोप नाही, भविष्यात काही दिसत नाही, पण बेत नाही आणि मावशीशी ती बोलते. निर्णय दुसरा. तीन दिवसांच्या आत लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग, आणि तोवर सुरक्षेचा लेखी आराखडा.

बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राऊन यांनी घडवलेला हा आराखडा म्हणजे मुलीच्याच शब्दांत भरलेला एक कागद. विचार दाटून येण्याआधी काय होतं: रात्री दोनला जाग येते आणि फीचा हिशेब सुरू होतो. तेव्हा एकटीने काय करता येतं: उठून दिवा लावायचा, आजीजवळ जाऊन झोपायचं. कुठे गेलं की मन दुसरीकडे वळतं: मावशीचं घर. कुणाला खरं सांगायचं: मावशी, वर्गशिक्षिका. बाहेरची मदत: टेलिमानसचा १४४१६, दिवसरात्र, फुकट, मराठीतही. आणि शेवटची पायरी घरच्यांची. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध असतं, आजोबांच्या गोळ्यांचा डबा असतो. हे घराबाहेर गेलं पाहिजे: औषध दुसऱ्याच्या आखाड्यावर, जिथे मुलीचं जाणं-येणं नाही तिथे, आणि गोळ्या रोजच्यापुरत्या मोजून. नुसत्या कुलपावर विसंबू नये. श्रीलंकेत गावोगावी घरांना कुलपाच्या पेट्या वाटून पाहिल्या, तेव्हा विषबाधेचे प्रयत्न कमी झाले नाहीत, असं २०१७ मध्ये दिसलं. त्याच देशात अतिविषारी औषधांवरच बंदी आल्यावर आत्महत्यांचं प्रमाण मोठ्या प्रमाणात उतरलं. अनेकदा तीव्र इच्छेची लाट काही मिनिटांची, फार तर काही तासांची असते. तेवढा वेळ हाताशी काही नसणं निर्णायक ठरतं. या आराखड्याला पाठपुराव्याचे फोन जोडले तर सहा महिन्यांत आत्महत्येशी निगडित कृती सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसल्या, हा अमेरिकेतला २०१८ चा अभ्यास. तो प्रौढ माजी सैनिकांवरचा आहे, त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलीला तोच आकडा लावता येणार नाही. पण फोन करणं महागाचं नाही.

"घरी सांगायचं म्हणता," मुख्याध्यापक पुन्हा थांबवतात, आणि इथे त्यांचं ऐकण्यासारखं आहे. "आमच्याकडे मुलीबद्दल असं काही कळलं, तर बाप दुसऱ्या दिवशी दाखला काढायला येतो. शाळा बंद, आणि वर्षाच्या आत लग्न. तुम्ही तिला वाचवायला गेलात आणि तिचं सगळंच संपवलंत."

यावर घरी न सांगणं हा उपाय होऊ शकत नाही. फवारणीचं औषध बाहेर नेणार कोण, रात्री दोनला जवळ असणार कोण? पण कसं सांगायचं, यात बराच फरक पडतो. फोनवर 'तुमच्या मुलीने असं असं म्हटलंय' असं कळवायचं नाही. बोलावून, शक्यतो डॉक्टरांच्या खोलीत, मुलगी हजर असताना, तिने आधी मान्य केलेल्या शब्दांत सांगायचं. आजारापुरतं: हिची झोप गेली आहे, मनाची तब्येत बिघडली आहे, ती उपचाराने सुधारते, येत्या काही आठवड्यांत तिला एकटं ठेवू नका, घरातून अमुक वस्तू हलवा, अमुक दिवशी लातूरला न्या. प्रेमप्रकरण असेल तर मुलगा कोण, भांडण कशावरून, हा मुलीचा खाजगी भाग. त्याशिवाय धोका टळत असेल तर तो उघड करायची गरज नाही. शाळा सोडवणं हा उपचार नाही, हे मात्र डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं, कारण मुख्याध्यापकांपेक्षा त्यांचं वजन जास्त पडतं. आणि मारहाण किंवा लैंगिक अत्याचार घरातच होत असेल, तर गणित बदलतं. तेव्हा त्याच घरच्यांवर सुरक्षा सोपवता येत नाही: १०९८ ला कळवायचं, आणि लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं शाळेला आणि डॉक्टरला बंधनकारकच आहे.

पाचव्या प्रश्नाला 'हो' आलं असतं तर काय, याला कमी शब्द पुरतात, कारण तिथे निवड कमी असते. मुलाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, संडासला जातानाही कुणीतरी दारापाशी. आसपासच्या धोक्याच्या वस्तू हलवायच्या. पालकांना बोलवायचं, पण ते येईपर्यंत थांबायचं नाही. शिक्षकाच्या मोटारसायकलवर मागे बसवून न्यायचं नाही. १०८ ची रुग्णवाहिका किंवा चारचाकी, सोबत दोन मोठी माणसं. थेट रुग्णालय, आणि तज्ज्ञाने पाहिल्याशिवाय घरी सोडायचं नाही. पोलीस केसच्या भीतीने शाळा इथे कचरतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ कलम उरलेलं नाही. विचार मनात आहेत असं सांगणं तर कधीच गुन्हा नव्हता.

मुख्याध्यापकांचा शेवटचा मुद्दा: मुलं खोटं 'नाही' म्हणतील. म्हणतील. आई शेजारी बसलेली असेल तर हमखास म्हणतील. म्हणून एकांत हवा. आणि 'नाही' हे त्या दिवसापुरतं उत्तर असतं. वह्या वाटून टाकणारी मुलगी पाचही प्रश्नांना 'नाही' म्हणाली, तरी शिक्षिकेच्या मनातली शंका तिच्या उत्तरापेक्षा मोठी असू शकते. तेव्हा प्रश्नांचा निकाल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे न्यायचं, आणि आठवड्याने पुन्हा विचारायचं. चाळणीने संशय जागा करायचा असतो, मिटवायचा नसतो.

दोघं शेवटी एका कागदावर येतात. त्यावर चार गोष्टी आहेत: शाळेतल्या दोन नेमलेल्या व्यक्ती, एक शिक्षिका आणि एक शिक्षक, रुग्णालयातल्या ज्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायचं त्यांचं नाव, लातूरच्या मानसोपचार ओपीडीचे वार, आणि पाठपुराव्याचा फोन कोण करणार: दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, आणि मुलगी शाळेत परतते त्या दिवशी. शिक्षकाची बदली झाली की नाव बदलायचं. एक भोक मात्र मुख्याध्यापकांनीच दाखवलं. बारावीचा निकाल आणि 'नीट'चा निकाल उन्हाळ्यात लागतात, तेव्हा शाळा बंद असते आणि होस्टेलची मुलं घरी आलेली असतात. कागदावरची दोन नावं त्या वेळी सुट्टीवर असतात. डॉक्टरांनी त्या आठवड्यांसाठी आशाताईंचं नाव सुचवलं. २०१५ मध्ये राज्याने शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत, म्हणजे मराठवाड्यातल्या आठही आणि विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत, प्रेरणा प्रकल्प सुरू केला, तेव्हा शेतकऱ्यांच्या घरी जाऊन मनाची चौकशी करण्याचं काम आशांकडेच आलं होतं. त्यांना घर माहीत असतं, आणि आखाडा कुणाचा कुठे तेही. निकालाच्या दिवसापासून पुढचे दोन आठवडे बारावीतलं मूल असलेल्या घरी त्यांनी एक फेरी मारावी. हे पाच प्रश्न त्यांना द्यायचे की फक्त खुणा ओळखून दवाखान्यात फोन करायचा, यावर दोघांचं अजून जुळलेलं नाही. मुख्याध्यापक फक्त फोन म्हणतात. डॉक्टर म्हणतात प्रश्नही द्या, पण आधी दोन दिवसांचं प्रशिक्षण, आणि फोन उचलायला दवाखान्यात रात्रीही कुणीतरी.